सणाच्या पुस्तिकेतली फुटकी जोडाक्षरं

आमच्या गावात आजही कुणाच्या लग्नपत्रिकेत चूक निघाली की माझी आठवण काढतात. "ती ना, जिनं सणाच्या मिस्साला देवळात अक्षरं फोडली?" हो, तीच मी. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो आणि तिथल्या उपासनेला मिस्सा. हा मान मला कसा मिळाला ते एकदा सांगून टाकते. गावाला सांगून उपयोग नाही, गावाचं ठरलेलं आहे.

त्या वर्षांत मी विरारला, फुलपाड्यात, एका टायपिंग-डिझाइनच्या दुकानात काम करत होते. राजोडीच्या अलीकडे आमचं गाव. सकाळी एसटी पकडायची, दिवसभर सोसायट्यांच्या पाणी बंदच्या नोटिसा, बारशाच्या पत्रिका आणि क्लासेसच्या जाहिराती करायच्या आणि संध्याकाळी कॉयरच्या, म्हणजे देवळातल्या गायनवृंदाच्या, सरावाला हजर राहायचं. दुकानात आम्ही मराठी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचो. त्याची रीत सरळ होती. जे डोळ्याला आधी दिसतं ते आधी मारायचं. 'कि' हवा असेल तर पहिली वेलांटी आधी, क नंतर. टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाला यात काही चुकीचं वाटत नाही.

मग युनिकोड आलं. त्यात आधी क लिहायचा, नंतर वेलांटी. ती क च्या आधी नेऊन बसवण्याचं काम मशीन करणार. कल्पना छान होती. पण हे काम करायला शिकलेलं मशीन हवं ना! पत्रं लिहायच्या प्रोग्रॅमला ते येत होतं. आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला येत नव्हतं. त्यात मराठी मजकूर पेस्ट केला की वेलांटी जिथं लिहिली तिथंच राहायची, म्हणजे आपलं अक्षर सोडून शेजारच्याला जाऊन चिकटायची. 'किनारा'तली वेलांटी क ला टाकून न च्या घरी. रफार तर डोक्यावर चढायलाच तयार नसे. पाय मोडलेला र होऊन तो ओळीत उभा राहायचा. 'प्रकाश'मधला प लंगडा व्हायचा आणि र त्याच्या शेजारी मख्ख उभा. एरवी पोस्टरवर सूर्यास्ताचे सतरा रंग काढणारं ते सॉफ्टवेअर मराठी दिसली की असं पहिलीतल्या पोरासारखं वागायचं.

आता सरांविषयी. सर म्हणजे आमचे कॉयरमास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, आणि मी त्यांची विद्यार्थिनी. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी लिहायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना गायला. आवाज असा की देवळात त्यांनी सूर धरला की माइकवाला बाहेर जाऊन विडी ओढायचा. त्याच गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो कायमचा. सर गळ्याला मफलर आणि काखेत पाटी घेऊन फिरू लागले. खरीखुरी दगडी पाटी, लाकडी चौकटीची. काही सांगायचं असलं की पाटीवर लिहायचे आणि बाहीनं पुसायचे. कॉयर मात्र सोडला नाही. गाणी लिहायची, चाल पेटीवर वाजवून दाखवायची आणि हातानं ताल द्यायचा. शब्द मात्र कागदावरूनच पोचवायचे. त्यामुळे कागद हाच त्यांचा गळा झाला होता, हे सरळ होतं. निदान मला तरी ते सरळ दिसत होतं.

देवळाचा कारभार बघणाऱ्या पॅरिश कौन्सिलला वेगळंच दिसत होतं. कौन्सिलचे सचिव आखातातून परतलेले गृहस्थ होते. तिथं नेमकं काय करायचे ते कुणालाच कळलं नाही, पण लॅपटॉप घेऊन आले होते, त्यामुळे इंजिनिअर असणार असं गावानं मानलं. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. अंकलची मुलगी कीबोर्ड वाजवायची. त्या वर्षी देवळाच्या सणाआधीच्या सभेत अंकल म्हणाले, "सरांची सेवा फार मोठी, पण आता त्यांना विश्रांती द्यायला हवी. सणापर्यंत बघू, मग ठरवू." 'विश्रांती' हा शब्द आमच्याकडे फार प्रेमानं उच्चारतात. तो उच्चारला की समजायचं, खुर्ची कुणासाठी तरी पुसून ठेवलेली आहे.

सर सभेला होते. घरी गेले आणि सणाच्या प्रवेशगीतासाठी नवं गाणं लिहायला बसले.

गाणं सुंदर उतरलं होतं. विश्वासाची नाव, निर्मळ पाणी, पवित्र किनारा, दीपस्तंभाचा प्रकाश. म्हणजे बघा, एकजात जोडाक्षरं आणि पहिल्या वेलांट्या! सॉफ्टवेअरला खिजवायला म्हणून कुणी गाणं लिहिलं असतं तर ते असंच झालं असतं. सर बिचारे आपले समुद्राकडे बघून लिहीत होते.

सणाची पुस्तिका, म्हणजे नऊ दिवसांच्या नोव्हेनाच्या प्रार्थना आणि गाणी, या वर्षी अंकलनी अंगावर घेतली. "प्रेसला कशाला? मी घरीच करतो." सगळा मजकूर त्यांनी स्वतः युनिकोडमध्ये टाइप केला, आणि मान्य करायला हवं, नीट केला. मग कुठूनसं मिळवलेलं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, त्यात मजकूर ओतला, चारी कोपऱ्यांत घंटा आणि कबुतरं लावली, आणि सरांच्या गाण्याच्या प्रती काढून सरावाला घेऊन आले. वर ठळक अक्षरांत 'गीत व संगीत' आणि पुढे सरांचं नाव. तेवढं मात्र शाबूत होतं. सरांच्या नावात एकही जोडाक्षर नाही आणि पहिली वेलांटीही नाही.

खाली गाणं नव्हतं, अपघात झाला होता. वेलांट्या दुसऱ्यांच्या दारात, रफार रस्त्यावर, प्रत्येक ओळीत दोन-तीन लंगडी अक्षरं. कॉयरमधल्या बायका कागद जवळ नेऊन, लांब नेऊन बघू लागल्या.

"हे कसलं गानं?" कोळीवाड्यातली एक मावशी म्हणाली. "वाचताच येत नाय."

सरांनी कागद पाहिला. घाईघाईनं पाटीवर लिहिलं, 'हे माझं नाही.'

अंकलनी पाटी वाचली आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, "सर, तुमच्याच कागदावरून टाइप केलंय हो. मी एक अक्षर बदललेलं नाही." सरांचा गळा गेला होता, कान नाही, पण आवाज गेलेल्या माणसाशी लोक ओरडून का बोलतात ते मला अजून कळलेलं नाही.

अंकल गेले आणि मावशी माझ्या कानाशी लागली. "ऑपरेशनच्या टायमाला भूल जास्ती दिलेली म्हनतात. डोक्यात गेली असंल. नायतर सर असं लिवतील काय?"

हे एका मावशीपुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. दोन दिवसांत मासळीबाजारापासून पानवेलीच्या वाडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की सरांचा आवाज गेला आणि आता अक्षरंही गेली. लोक भेटायला येऊ लागले. केळी आणायचे. आजाऱ्याला नेतात तशी, पिवळी, घडावरून निवडून आणलेली. सर ती केळी बघायचे आणि पाटी उलटी ठेवायचे. माझ्या जिवाची आग आग व्हायची.

मी अंकलकडे गेले. म्हटलं, "अंकल, यात सरांची चूक नाही आणि तुमच्या टायपिंगचीही नाही. सॉफ्टवेअरला मराठी जुळवता येत नाही. फाइल मला द्या, मी नीट करून देते."

"सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम नसतो," अंकल म्हणाले, "युजरचा असतो." पण कबुतरांनी त्यांचा लॅपटॉप सारखा बंद पडत होता, म्हणून फाइल दिली. वर अट घातली की फॉन्ट हाच ठेवायचा, त्यांना आवडला होता. म्हणजे आमच्या जुन्या फॉन्टमध्ये नव्यानं टाइप करायची वाटही बंद.

मग मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत आणि गिऱ्हाइकांच्या मध्ये ती पुस्तिका दुरुस्त करायला बसले. या कामाची एक शिस्त असते. आधी जोडाक्षरं, मग वेलांट्या. उलटं केलं तर 'ख्रिस्त'मधली वेलांटी ख आणि र च्या मधे अडकून बसते आणि मग प्रभूचीही सुटका होत नाही. फॉन्टच्या आत सगळी तयार अक्षरं असतात, प्र, त्र, श्व, डोक्यावरचा रफार. फक्त ती कीबोर्डवर नसतात. फॉन्टचा तक्ता उघडायचा, हवं ते अक्षर उचलायचं आणि मोडक्या तुकड्यांच्या जागी बसवायचं. ते झालं की प्रत्येक वेलांटी कापून आपल्या अक्षराच्या आधी नेऊन ठेवायची. म्हणजे थोडक्यात, मशीनला समजत नाही म्हणून मशीनला फसवायचं. लिहिण्याचा क्रम चुकीचा आणि दिसायला बरोबर. दुकानाचा मालक म्हणायचा, "तू भाजी निवडतेस की डिझाइन करतेस?" खरंच तसंच होतं ते, मेथी निवडल्यासारखं.

सरांचं गाणं मी सगळ्यात शेवटी केलं आणि सगळ्यात हळू. छापलेलं पान घेऊन त्यांच्या घरी गेले. सरांनी चष्मा लावला, एकेका शब्दाखाली पेन्सिल नेली. मग पाटीवर लिहिलं, 'हे माझं.' मला तिथंच रडू आलं. त्यांनी समोरच्या ताटातलं एक केळं माझ्याकडे सरकवलं.

पुस्तिका छापायला देताना मी सगळ्या अक्षरांची चित्रं करून टाकली, म्हणजे दुसऱ्या मशीनवर जाऊन ती पुन्हा बिघडू नयेत. पुस्तिका चोख आली. कॉयर गाऊ लागला. मावशी म्हणाली, "आता कसं, सर बरे झाले वाटतं." मी मनात म्हटलं, बरं होण्याचं श्रेय सरांना मिळतंय तर मिळू दे.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण अंकलनी प्रोजेक्टर आणला.

आखातातल्या देवळात म्हणे सगळं भिंतीवर दिसतं. मग आपल्याकडे का नाही? सणाच्या मिस्साला गाणी भिंतीवर दाखवायची असं ठरलं. अंकल दुकानात आले. "पुस्तिकेची सॉफ्ट कॉपी दे."

"अंकल, ती घेऊ नका," मी म्हटलं. "तुम्ही मूळ टाइप केलेली तुमचीच फाइल भिंतीसाठी वापरा. त्या प्रोग्रॅमला मराठी येते. तो आपोआप सगळं जागेवर बसवेल. मी दुरुस्त केलेली त्यात घातली तर सगळं पुन्हा उलटं होईल."

अंकल माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे चुकलेली फाइल वापरू आणि सुधारलेली वापरू नको?"

"तुमची चुकलेली नव्हतीच. ती इथं आल्यावर चुकलेली दिसत होती."

"मग तू सुधारलंस काय?"

आता या प्रश्नाला उत्तर आहे. पण ते ऐकणाऱ्याच्या तोंडावर असा भाव होता की मी त्याला नागडं करायला निघाले आहे. मी पुन्हा समजावलं. कागदावर काढून दाखवलं. अंकल मान हलवत होते, आणि आमच्याकडे जो फार मान हलवतो त्यानं काहीच ऐकलेलं नसतं. मी फाइल दिली नाही. मग त्यांनी मी चहाला गेल्यावर मालकाकडून घेतली, अक्षरांची चित्रं करण्याच्या आधीची, कामाची. मालकानं हसत हसत दिली. सुधारलेली आहे म्हणाला.

सणाच्या सकाळी देऊळ खच्चून भरलं होतं. झेंडूच्या माळा, नव्या साड्या, वेदीवर मेणबत्त्या. अंकल माइकवर आले. "या वर्षी नवीन सोय केली आहे. पुस्तिका बंद करा आणि भिंतीकडे पाहा." लोकांनी आज्ञाधारकपणे पुस्तिका मिटून बाकावर ठेवल्या. सरांनी हात उचलला, पेटी वाजली आणि भिंतीवर गाणं उमटलं.

मी ज्या ज्या वेलांट्या अक्षरांच्या आधी नेऊन ठेवल्या होत्या, त्या सगळ्या आता आणखी एक घर मागे सरकल्या होत्या. भिंतीवरचा प्रोग्रॅम शिकलेला होता ना, त्यानं आपलं काम केलं. शब्दाच्या सुरुवातीच्या वेलांट्यांना मागे घरच नव्हतं. तिथं त्यानं टिंबाटिंबांची वर्तुळं काढली, अक्षर हरवल्याची खूण म्हणून. ओळीओळीला वर्तुळं, जशी काही गाण्यालाच कांजिण्या आल्या होत्या. आणि तक्त्यातून उचलून बसवलेली जोडाक्षरं कॉपी करताना वाटेतच गळाली होती. 'पवित्र'मधला त्र पडला, वेलांटी व वरून प वर गेली आणि भिंतीवर हातभर उंचीचं 'पिव' झालं, जणू 'पी' असा हुकूमच.

मागच्या बाकांवरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सांगतायत तर पिव की!" आमच्या गावाला तेवढं पुरे असतं. हसू बाकाबाकांवरून पुढं सरकत आलं. जे हसत नव्हते ते भिंतीकडे न बघता सरांकडे बघत होते. केळी घेऊन आलेल्या लोकांची ती नजर. कीबोर्डवाली मुलगी पहिल्या बाकावर सरळ बसली होती. तिला बिचारीला काही नको होतं, पण बसली होती.

गाणं अर्ध्यात थांबलं. सरांनी भिंतीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. काखेतली पाटी काढली, शांतपणे चालत प्रोजेक्टरपाशी गेले आणि ती त्याच्या डोळ्यासमोर उभी करून ठेवली. भिंत काळी झाली. सर परत आले, पुस्तिका उचलून उंच धरली, उघडली, आणि हात उचलला. पानं उलटल्याचा केवढा आवाज झाला देवळात! मग सगळ्यांनी गायलं, पहिल्यापासून, न अडखळता. इतकं मोठ्यानं आम्ही त्याआधी कधी गायलो नव्हतो.

मिस्सा संपल्यावर वेदीमागच्या खोलीत, जिथं फादर झगे बदलतात तिथं, कौन्सिल जमलं. अंकल तयारच होते. "बघितलंत ना फादर? सरांचं मूळ लिखाण हे असं आहे. पुस्तिकेत आम्ही सांभाळून घेतलं. भिंतीवर खरं बाहेर आलं."

सर कोपऱ्यात उभे होते. पाटी प्रोजेक्टरपाशीच राहिली होती, त्यामुळे त्यांना बोलताही येत नव्हतं.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. अंकलचा लॅपटॉप तिथंच होता. म्हटलं, "उघडा तुमची पहिली फाइल." त्यातलं गाणं उचलून मी भिंतीच्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट केलं. एक अक्षर हललं नाही. विश्वास, निर्मळ, पवित्र, प्रकाश, सगळं जिथल्या तिथं. "हे बघा फादर. हे सरांच्या कागदावरून टाइप केलेलं. यात कुठं चूक आहे?"

फादरनी वाकून वाचलं. "काहीच चूक नाही. मग भिंतीवर ते काय होतं?"

अंकलचा चेहरा उजळला. मी त्यांना वाचवत होते हे त्यांच्या माझ्याआधी लक्षात आलं. "मी हेच तर सांगतोय! माझी फाइल पहिल्यापासून बरोबर होती. हिनं दुकानात नेऊन वेलांट्या हलवल्या. विचारा हिला, हलवल्यास की नाही?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडलं. एक सॉफ्टवेअर आणि दुसरं सॉफ्टवेअर, लिहिण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम, कुणी कुठली फाइल का घेऊ नये, सगळं तोंडात आलं. फादरच्या डोळ्यांत जेवणाची वेळ दिसत होती. हे सगळं मी सांगितलं असतं तर त्यातून त्यांच्या ध्यानात एवढंच राहिलं असतं की काहीतरी गुंता आहे, आणि गुंत्यात सर आहेत. गावाला कारण नको असतं, गुन्हेगार हवा असतो. आणि तो एकच हवा असतो.

"हो," मी म्हटलं. "वेलांट्या मी हलवल्या. भिंतीवरची सगळी चूक माझी. सरांची एकही नाही."

"बघा!" अंकल म्हणाले. ते इतके खूश होते की सरांच्या विश्रांतीचं त्या दिवशी विसरूनच गेले. फादर म्हणाले, "म्हणजे सरांचं गाणं बरोबरच होतं. मग कॉयरचं आहे तसंच चालू द्या. आणि बाळ, यापुढे नीट लक्ष देत जा." मी मान हलवली.

बाहेर मावशीनं मला गाठलं. "तू होय गं ती? आनि आम्ही सरांना केळी देत बसलो!" संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यापासून वाडीपर्यंत सरांचं डोकं ठणठणीत असल्याचं आणि माझं फिरल्याचं सगळ्यांना ठाऊक झालं. मला कुणी केळी आणली नाहीत.

सर देवळाच्या पायरीवर माझी वाट बघत होते. पाटी परत मिळाली होती. त्यांनी लिहून माझ्यासमोर धरली, 'खोटं बोललीस. फादरांसमोर. कुमसार कर.' आमच्याकडे पापाची कबुली द्यायला फादरांकडे जातात, ते कुमसार.

मी म्हटलं, "सर, कबुली देऊन तर आलेय आत्ताच."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाहीनं सगळं पुसलं आणि त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'सोमवारी सराव. वेळेवर ये.'